बावीस, एकोणतीस आणि ‘एम’: सायकल घेताना नेमका कोणता आकडा धरायचा

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीने सायकल घेतली. एकोणतीस इंची चाकं, गिअर, काळा-पोपटी रंग. दुकानदाराने तिला एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, आजकल सब उनतीस ही ले रहे हैं। सीट नीचे कर देंगे, पैर पहुँच जाएगा।” सीट खाली केली, पाय पोचले, पैसे दिले. महिन्याभरात इंदुरात पलासियाच्या सिग्नलला ती आडवी झाली. ब्रेक दाबून सीटवरून पुढे उतरली आणि दोन्ही पाय टेकायच्या आत मधली दांडी लागली. तोल सावरायला डावीकडे झुकली ती थेट शेजारच्या स्कूटरवर. गुडघा सोलवटला, स्कूटरवाल्याची बोलणी खाल्ली, आणि सायकलवर पार्किंगमध्ये जुनी चादर पडली ती कायमची.

गेल्या दिवाळीनंतर ती आणि जावईबापू दोघांनाही सायकली घ्यायच्या होत्या. सकाळी सुपर कॉरिडॉर, रविवारी जमलं तर महूपर्यंत. या वेळी तिने आधी मला फोन केला. “मामा, या खेपेला तू बरोबर चल. आणि टेप घेऊन चल.” त्या दोघांच्या मापांवरूनच पुढचं सगळं सांगतो, कारण त्यांची मापं मोठी मजेशीर निघाली.

आकड्यांचा घोळ कुठून आला

लोकमान्य नगरातल्या आमच्या जुन्या घरी बाबांची काळी सायकल होती, ‘चोवीस इंची’. बुटक्या माणसांसाठी बावीस इंची मिळायची, त्याहून बुटक्यांना वीस. आम्ही पोरं ती कैंची मारून शिकलो, म्हणजे दांडीखालून पाय घालून, एका कुशीवर लोंबकळत. तेव्हाचा हा बावीस-चोवीसचा आकडा फ्रेमचा असायचा: पेडलच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. चाकं बावीसलाही अठ्ठावीसची आणि चोवीसलाही अठ्ठावीसचीच. त्यामुळे दुकानात आकडा सांगितला की आपोआप आपल्या पायांचं माप सांगितल्यासारखं होई.

मग गिअरच्या सायकली आल्या आणि आकडा गुपचूप फ्रेमवरून चाकावर सरकला. आज कोणी ‘सव्वीसची’, ‘साडेसत्तावीसची’ किंवा ‘एकोणतीसची’ म्हणतो तेव्हा तो चाकाबद्दल बोलत असतो. फ्रेमचं माप वेगळं असतं, सीटच्या नळीच्या बुडाशी छोट्या स्टिकरवर, १५, १७, १९ इंच किंवा एस, एम, एल अशा रूपात. गिऱ्हाइकाच्या डोक्यात मात्र जुनंच गणित पक्कं बसलेलं आहे: आकडा मोठा, माणूस उंच. म्हणून साडेपाच फुटांच्या माणसाला एकोणतीस विकली जाते, ती १५ ची आहे की १९ ची हे कोणी विचारतही नाही.

बाबांच्या त्या अठ्ठावीसच्या चाकाची रिम टायर बसतो तिथे ६३५ मिलिमीटर व्यासाची. आजच्या एकोणतीसची ६२२. म्हणजे नावाने एक इंच मोठं असलेलं चाक प्रत्यक्षात १३ मिलिमीटरने लहान. चाकाच्या आकड्यावर किती विसंबायचं ते यावरून ठरवा.

माझा क्रम असा: आधी पायाची आतली लांबी, तिच्यावरून दांडीची उंची आणि सीटची उंची. मग धड आणि हात, त्यांच्यावरून फ्रेमची लांबी. चाक सगळ्यात शेवटी.

पायाचं माप घेणं

या मापाला सगळीकडे इनसीम म्हणतात. शिंपी पँटसाठी घेतो तो इनसीम हा नव्हे. पँट घोट्याशी संपते आणि वर जांघेत ढिली असते, त्यामुळे शिंप्याचा आकडा सहज पाच-सात सेंटिमीटर कमी येतो. तो धरलात तर फ्रेम एक माप लहान घ्याल.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. टाचा भिंतीला, दोन पावलांत साधारण वीतभर, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या आसपास अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये धरायचं, कणा वर, एक कडा भिंतीला चिकटलेली. आता ते वर ओढायचं, आणि इथेच बहुतेक जण लाजतात. पुस्तक नुसतं टेकवून चालत नाही, सीटवर बसल्यावर हाडाला जेवढा दाब येतो तेवढ्या दाबाने ते वर दाबावं लागतं. दुसऱ्या माणसाने पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि जमिनीपासून रेघेपर्यंत स्टीलच्या टेपने मोजायचं. कापडी टेप वापरून वापरून ताणलेला असतो, तो नको.

चूक होते ती पुस्तक कलल्यामुळे. पुढची कडा वर गेली की भिंतीशी रेघ खाली उमटते. घरी सुताराचा गुण्या किंवा छोटी पाणसळ असेल तर पुस्तकाऐवजी तीच वापरा. नसेल तर तीनदा मोजा. तिन्ही मापं अर्ध्या सेंटिमीटरच्या आत आली तर सरासरी धरा. एखादं दोन सेंटिमीटरने वेगळं आलं तर पुस्तक कललंय किंवा पुरेसं दाबलेलं नाही, आणि अशा वेळी बहुधा मोठं माप खरं असतं.

त्याच भिंतीवर उंची घ्या. मग दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पसाराही मोजा. हे तिसरं माप दुकानात कोणी विचारत नाही, पण पुढे लागणार आहे.

आमच्याकडे जे निघालं ते असं. भाची: उंची १६३, पाय ७७, हातांचा पसारा १६०. जावईबापू: उंची १६८, पाय ७५, पसारा १७१. नवरा बायकोपेक्षा पाच सेंटिमीटर उंच आणि पायाने दोन सेंटिमीटर आखूड! तेवढ्यात मोबाइलवर फोटोही निघाला, जावईबापू जरा हिरमुसले. मी म्हटलं, अहो, तुमचं सगळं धडात आहे, आणि सायकलला धडही लागतं.

पाय काय सांगतो

पायावरून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे सीट किती उंच हवी. पायाच्या लांबीला ०.८८३ ने गुणायचं. येतो तो आकडा म्हणजे पेडलच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या रेषेत सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. तीनदा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे सूत्र ओळखलं जातं. भाचीचं ७७ गुणिले ०.८८३, म्हणजे ६८ सेंटिमीटर. जावईबापूंचं ६६.२. हा आकडा शेवटचा शब्द नाही, त्यावरून सुरुवात करायची आणि सेंटिमीटरभर वर-खाली करायचं. पडताळा सोपा आहे: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा नुकता सरळ व्हायला हवा आणि कंबर एका बाजूला ओढली जाता कामा नये. मग चालवताना चवडा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो.

एवढ्या उंचीच्या सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकणारच नाहीत. सायकल जरा कलती केली तर एका पायाची बोटं टेकतात, बस. दुकानात ‘पाय पोचतोय ना?’ ही परीक्षा घेतात ती म्हणूनच उलटी आहे. पाय पोचावा म्हणून सीट खाली केली की प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त वाकतो आणि दहा किलोमीटरनंतर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहायचं असतं. म्हणूनच पाय सांगतो ती दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: दांडी किती उंच असलेली चालेल.

हे माप छापील तक्त्यात मिळतं, पण मी टेपने घेतो. सीटच्या टोकापुढे चार बोटं, जिथे माणूस प्रत्यक्षात उभा राहतो, तिथे जमिनीपासून दांडीच्या माथ्यापर्यंत. अनवाणी पायाच्या मापातून हे वजा करायचं. गावातल्या डांबरी रस्त्यावर चालवायच्या सायकलला दोन-तीन सेंटिमीटर उरले तरी पुरतात, कारण बुटाचा तळवा आणखी दोनेक सेंटिमीटर देतो. खडबडीत वाटेवर, जिथे अचानक उतरावं लागतं आणि पाय खड्ड्यात पडू शकतो, तिथे किमान पाच हवेत, जास्त असले तर उत्तम.

भाचीच्या जुन्या सायकलवरची चादर काढून हेच केलं. फ्रेम १९ इंची, दांडी ७९ सेंटिमीटरवर. तिचा पाय ७७. गंमत अशी की त्या फ्रेमवर सीट तिच्या ६८ च्या मापाला अगदी बरोबर बसली असती. १९ इंच म्हणजे ४८.३ सेंटिमीटर, वर आणखी १९.७ लागतात, सहज जमतं. सीट वर-खाली होते, दांडी होत नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता, त्याने फक्त हलणारी वस्तू हलवून दाखवली होती.

साडी किंवा सलवार-कुर्ता घालून चालवणाऱ्या काकूंसाठी खाली झुकलेल्या दांडीची फ्रेम घेतली तर हा हिशेबच उरत नाही. पण तिथेही लांबी उरतेच, आणि तिच्याकडे वळू.

पायावरून फ्रेम काढली की काय होतं

इंटरनेटवर सगळीकडे एक गुणाकार सापडतो. माउंटन बाइकसाठी पाय गुणिले ०.५७, रोड बाइकसाठी पाय गुणिले ०.६६ च्या आसपास, उत्तर फ्रेमच्या उभ्या नळीचं सेंटिमीटरमध्ये. इंच हवे तर २.५४ ने भागा. आमच्या जोडप्याला लावून पाहू. भाची: ७७ गुणिले ०.५७ म्हणजे ४३.९ सेंटिमीटर, १७.३ इंच. जावईबापू: ४२.८, म्हणजे १६.८ इंच.

म्हणजे सूत्राच्या मते बायकोला मोठी सायकल आणि पाच सेंटिमीटर उंच नवऱ्याला लहान. दुकानातला उंचीचा तक्ता बरोबर उलटं सांगत होता: ती एस आणि एमच्या सीमेवर, तो पक्का एम.

सूत्र चुकीचं नाही, जुनं आहे. दांडी जमिनीला समांतर असायची तेव्हा उभी नळी लांब झाली की दांडी उंच व्हायची आणि फ्रेमही त्याच प्रमाणात लांब व्हायची. एका आकड्यात तिन्ही गोष्टी बांधलेल्या होत्या. आता दांडी मागे उतरती असते. उभी नळी आखूड ठेवून फ्रेम लांब करता येते, आणि प्रत्येक कंपनी ते आपापल्या मर्जीने करते. त्यामुळे गुणाकाराचं उत्तर मी एवढ्यापुरतंच वापरतो की दुकानात कोणत्या दोन मापांच्या सायकली बाहेर काढायला सांगायच्या. आमच्यासाठी त्या १६ आणि १८ च्या होत्या.

धड आणि हात: खरा निकाल इथे लागतो

उंचीतून पाय वजा करा. भाची: १६३ वजा ७७, ८६. जावईबापू: १६८ वजा ७५, ९३. सात सेंटिमीटरचा फरक. शिवाय त्यांचे हात उंचीपेक्षा तीन सेंटिमीटर जास्त पसरतात, तिचे तीन कमी. म्हणजे हँडलपर्यंत पोचण्याच्या बाबतीत हे दोघे दोन वेगळ्या मापांची माणसं आहेत, पाय काहीही म्हणोत.

फ्रेमची ही लांबी तक्त्यात ‘इफेक्टिव्ह टॉप ट्यूब’ या नावाने असते. दांडी उतरती असली तरी ती आडवी आहे असं समजून, हँडलखालच्या नळीच्या माथ्यापासून मागे सीटपोस्टच्या, म्हणजे सीट ज्या खांबावर बसते त्याच्या, रेषेपर्यंत मोजलेलं अंतर. दुकानात मी पाणसळ दांडीच्या पुढच्या टोकाशी धरतो, टेप आडवा मागे नेतो. सेंटिमीटरभर चूक होते, पण दोन सायकलींची तुलना करायला पुरतं. हायब्रिडमध्ये, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकलीत, एक माप वाढलं की ही लांबी साधारण दोन सेंटिमीटरने वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मानेला कळतं.

सीटची उंची दहा सेंटिमीटर हलवता येते. लांबी बदलायला मात्र हँडल धरणारा स्टेम एवढाच एक सुटा भाग आहे, आणि त्यात एक-दोन सेंटिमीटरचीच मुभा असते. त्याहून जास्त लागत असेल तर फ्रेमच चुकली आहे. काही मिस्त्री सीट रुळावर पुढे ढकलून लांबी ‘कमी’ करून देतात. तसं करू देऊ नका. सीट पुढे-मागे होते ती गुडघा पेडलच्या वर योग्य जागी यावा म्हणून, हँडल जवळ यावं म्हणून नव्हे.

तपासायचं कसं? आधी मिस्त्रीकडून सीट आपल्या मापाला लावून घ्या, धुरीपासून टेप लावून, नजरेने नाही. मग सायकल भिंतीशी उभी करून बसा, चार-पाच उलटे पेडल मारा आणि मुठी धरा. कोपरात थोडा बाक हवा. आता बसल्या जागीच दोन्ही पंजे मुठींपासून बोटभर वर उचला आणि थांबा. क्षणभर तसं राहता आलं तर भार पोट-पाठीवर आहे. धाडकन पुढे गेलात तर भार हातांवर आहे, म्हणजे फ्रेम लांब आहे किंवा सीटचं टोक खाली झुकलंय. आधी सीट समतल करून पुन्हा पाहा. मग चालवा, दुकानासमोर एक फेरी नव्हे, दहा मिनिटं. लांब फ्रेमची खूण म्हणजे कोपरं सरळ ताठ होतात, तळव्यात मुंग्या येतात, आणि तुम्ही नकळत सीटच्या टोकावर सरकत राहता. आखूड फ्रेमवर हँडल वळवताना गुडघ्याला लागतं आणि पाठीला कुबड येतं.

हँडलने पुढच्या चाकाची धुरी झाकली गेली की माप बरोबर, असं एक जुनं गणित तुम्हाला कोणीतरी ऐकवेल. ते खाली झुकलेल्या हँडलच्या रोड बाइकसाठी बनलं होतं. सरळ हँडलच्या सायकलवर ते लावू नका.

त्या दिवशी दुकानात घडलं ते असं. भाचीला हायब्रिडची एस, म्हणजे १६ इंची, दिली. दांडी ७१ वर, सहा सेंटिमीटर मोकळे. लांबी ५४.५. पंजे उचलून ती आरामात बसली. एमवर बसवलं तर लांबी ५६.५, कोपरं लगेच ताठ. तिच्यासाठी प्रश्न मिटला: सूत्र १७.३ म्हणत होतं, घेतली १६.

जावईबापूंना त्याच कंपनीची एम लांबीला छान बसली, पण दांडी ७६ वर. पाय ७५. बायकोची जुनी चूक नवऱ्याच्या वाट्याला येत होती. एस द्यावी तर गुडघे हँडलशी. दुकानदार म्हणाला, “सर, जूते पहन के तो हो जाएगा।” बूट घालून जेमतेम एक सेंटिमीटर. मी दुसऱ्या कंपनीची एम मागितली, तिची दांडी जास्त उतरती होती: ७२ वर, लांबी ५७. अनवाणी तीन, बुटांनिशी पाच. अक्षर तेच एम, दांडीत चार सेंटिमीटरचा फरक. लांब धड आणि आखूड पाय असलेल्या माणसाने हेच शोधायचं असतं: लांबी मोठ्या मापाची, दांडी उतरती. दोन मापांच्या सीमेवर असाल तेव्हाही हातांचा पसाराच विचारा. पसारा उंचीहून जास्त असेल तर मोठं माप, कमी असेल तर लहान, अर्थात दांडी मोकळी राहत असेल तरच.

आता चाक

चाक मोठं झालं म्हणून सीट उंच होत नाही, हे आधी डोक्यातून काढा. पेडलची धुरी जमिनीपासून किती वर ठेवायची हे फ्रेम बनवणारा ठरवतो आणि सव्वीस असो की एकोणतीस, ती जवळपास तेवढीच ठेवतो. मोठं चाक जागा खातं ती पुढे.

टायर धरून हिशेब करू. सव्वीसच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर, साडेसत्तावीसचा ५८४, एकोणतीसचा ६२२. हायब्रिडच्या ७००सी चाकाचाही ६२२ च. एकोणतीस आणि ७००सी एकाच रिमची भावंडं आहेत, फरक टायरच्या जाडीचा. दोनेक इंच जाडीचे टायर चढवले की सव्वीसची धुरी जमिनीपासून सुमारे ३३ सेंटिमीटरवर येते आणि एकोणतीसची ३६ च्या वर. तेवढाच पुढचा चिमटा वर, त्यावरचं हँडल वर. उंच माणसाला हे आवडतं. पाच फुटांच्या माणसाची सीट मुळात खाली असते, तिथे हँडल सीटच्या बरंच वर राहतं आणि खाली आणायला जागाच नसते.

दुसरा त्रास पायाच्या बोटांचा. लहान फ्रेममध्ये मोठं चाक बसवलं की ते पेडलच्या अगदी जवळ येतं. पेडल समोर आडवं ठेवा, चवडा नेहमीच्या जागी, आणि हँडल हळूहळू दोन्हीकडे वळवा. टायर किंवा मडगार्ड बुटाला घासतं का पाहा. वेगात हँडल इतकं वळत नाही, तिथे धोका नाही. पण राजवाड्याच्या गल्लीत किंवा भाजीवाल्याच्या गाडीला वळसा घालताना, चालण्याच्या वेगात, बूट अडकला की माणूस पडतो. भाचीच्या एसवर ७००सी होती, ३५ मिलिमीटरचा टायर. बूट आणि टायर यांच्यात बोटभर अंतर राहिलं. मागून पुढचं मडगार्ड लावायचा तिचा बेत होता, तो मी मोडून काढला, पावसाळ्यापुरतं काढता येण्याजोगं लाव म्हटलं.

माझा ठोकताळा सांगतो, हा नियम नव्हे. पायाचं माप ७० च्या खाली असेल तर सव्वीस किंवा साडेसत्तावीस पाहा. ७० ते ७६ असेल तर साडेसत्तावीस निर्धास्त, ७००सी बूट-टायरची परीक्षा घेऊनच. ७६ च्या वर काहीही चालतं, रस्ता कसा आहे त्यावर ठरवा. काही कंपन्या आता स्वतःच लहान फ्रेमला लहान चाक देतात. एकाच मॉडेलची एस साडेसत्तावीसवर आणि एम एकोणतीसवर दिसली तर दुकानदाराने जुना माल चिकटवला असं समजू नका.

टायर बदलायची वेळ आली की मात्र इंचांवर जाऊ नका. टायरच्या कडेला ‘५७-५५९’ असा जोड आकडा असतो, पहिला जाडीचा, दुसरा रिमचा. साध्या सायकलीचं ‘सव्वीस गुणिले एक तीन अष्टमांश’ ५९० च्या रिमवर बसतं, गिअरवाल्या सव्वीसचं ५५९ वर. दोन्ही सव्वीसच, आणि एकमेकांवर कधीच चढणार नाहीत.

लहान मुलांचं थोडक्यात: वय विचारून २० की २४ ठरवतात ते सोडा. सीट अगदी खाली करून तिची जमिनीपासूनची उंची मोजा. नवशिक्या मुलाचा पाय तेवढा असायला हवा, म्हणजे बसून दोन्ही पावलं टेकतील. ‘पुढच्या वर्षी येईल’ म्हणून घेतलेली सायकल हे वर्षभर कोपऱ्यात उभी असते.

घरी आणल्यावरची एक रेघ

लहान फ्रेम आणि लांब पाय ही भाचीची जोडी, आणि तिची एक किंमत असते. १६ इंच म्हणजे ४०.६ सेंटिमीटर उभी नळी. सीट हवी ६८ वर, म्हणजे वर २७.४. त्यातले सीटचे स्वतःचे साधारण पाच. उरले २२.४, एवढा सीटपोस्ट बाहेर दिसणार. सायकलीबरोबर आलेला पोस्ट ३० सेंटिमीटरचा होता, म्हणजे नळीच्या आत फक्त ७.६. पोस्टवर आडवी रेघ कोरलेली असते, तिच्या खालचा भाग आतच राहिला पाहिजे. तिच्या पोस्टवर ही रेघ तळापासून दहा सेंटिमीटरवर होती आणि ती जवळजवळ अडीच सेंटिमीटर बाहेर डोकावत होती. अशा पोस्टवर माणूस बसला की खड्ड्यात नळीचं तोंड फाटतं किंवा पोस्ट वाकतो.

दुकानदाराने सीट तीन सेंटिमीटर खाली करून ‘हो गया’ म्हटलं. मी ३५ सेंटिमीटरचा पोस्ट मागितला. फ्रेम न बदलता हे सुटतं, फक्त जाडी तंतोतंत तीच हवी. पोस्टच्या बुडाशी २७.२, ३०.९ किंवा ३१.६ असा मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो. ‘जवळपास तोच’ पोस्ट पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवून देणारे मिस्त्री आहेत, त्यांना नको म्हणा. तिचा २७.२ निघाला, पण दुकानात लांब पोस्ट नव्हता, चार दिवसांनी आला. ते चार दिवस तिने सायकल नुसती पुसली.

जावईबापूंच्या एमला ती अडचण आलीच नाही. १८ इंच म्हणजे ४५.७, सीट ६६.२ वर, पोस्ट बाहेर साडेपंधरा. त्यांना दुसऱ्या आठवड्यात डाव्या तळव्याला मुंग्या यायला लागल्या, महूच्या वाटेवर राऊ ओलांडलं की. नऊ सेंटिमीटरचा स्टेम काढून आठचा लावला. मुंग्या गेल्या. आता दर रविवारी सकाळी पोह्यांच्या गाडीशी दोघांच्या सायकली शेजारी-शेजारी उभ्या असतात, आणि नवऱ्याची सीट बायकोच्या सीटपेक्षा खाली का, हे कोणी ना कोणी विचारतंच.